चुकीच्या पत्त्यावर गेलेली सॅलरी शीट आणि नंतर स्टाफला लिहिलेली सूचना

हे प्रकरण पुण्यातल्या एका सीए फर्मचं आहे. फर्मचं, ग्राहक कंपनीचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. कुणी ओळखू नये म्हणून काही तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत. मी तिथे ऑफिसची व्यवस्था बघायचे, त्यामुळे घटनेनंतर सगळ्या स्टाफला जी सूचना गेली ती लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. फाइल चुकीकडे जाणं हा दहा सेकंदांचा प्रकार होता. सूचना लिहायला आम्हाला चार दिवस लागले, आणि लिहिण्यासारखं जास्त त्या चार दिवसांतच आहे.

## पार्श्वभूमी

फर्ममध्ये ३४ माणसं. दोन भागीदार, काही सीए, अकाउंट्सची मंडळी आणि आर्टिकलशिप करणारी मुलं. पेरोलच्या टेबलावर तिघं. ११ कंपन्यांचे पगार आम्ही करायचो, त्यातले बहुतेक चाकण-भोसरी पट्ट्यातले मध्यम कारखाने. महिन्याचा पहिला आठवडा या टेबलावर कुणी मान वर करत नसे, कारण पगार सात तारखेच्या आत व्हायचा असतो, टीडीएसही सातलाच भरायचा असतो आणि ते संपेपर्यंत पंधरा तारखेचं पीएफचं चलन समोर उभं राहतं.

सॅलरी शीट म्हणजे एक एक्सेल फाइल. एका ओळीत एक कामगार: नाव, पॅन, यूएएन, बँकेचा खाते क्रमांक, आयएफएससी, हजेरी, कपाती आणि हातात येणारी रक्कम. ही फाइल ग्राहक कंपनीच्या एचआरकडे मेलने जायची, त्यांनी होकार दिला की बँकेत.

फाइलला पासवर्ड असायचा. एक्सेलमधल्या `Encrypt with Password` ने घातलेला, म्हणजे कुलूप तसं भक्कम. पण पासवर्ड ठरलेला: कंपनीचं छोटं नाव, मग `@`, मग वर्ष. तो दुसऱ्या मेलने जायचा, आणि हा दुसरा मेल कसा पाठवायचा याची सगळ्यांची एकच पद्धत होती. सेंट मेलमध्ये जायचं, मघाचा मेल उघडायचा, `Reply All` दाबायचं आणि पासवर्ड लिहायचा. पत्ता पुन्हा टाइप करायला नको. कुलूप दाराला आणि किल्ली त्याच दाराबाहेरच्या कुंडीखाली. एवढं उघड असूनही इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. जपानमधल्या कार्यालयांत हीच पद्धत इतकी रुळली होती की तिला ‘पीपीएपी’ असं नावच पडलं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या डिजिटल मंत्र्यांना मंत्रिमंडळ कार्यालयात ती बंद करत असल्याचं जाहीर करावं लागलं. तेव्हा आपणच वेंधळे असं समजायचं कारण नाही.

लेखी नियम होता. रुजू होताना सही घेतल्या जाणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात ‘ईमेल पॉलिसी’ म्हणून एक पान होतं. त्यात ‘गोपनीय माहितीची योग्य ती काळजी घ्यावी’ असं लिहिलेलं होतं. योग्य ती म्हणजे कोणती, ते नव्हतं.

## काय घडलं

दोन तारीख, गुरुवार, संध्याकाळी पावणेसातचा सुमार. पेरोलवरच्या आमच्या सहकारीने २१२ कामगारांची शीट तयार केली आणि एचआरच्या मॅनेजरला मेल टाकायला घेतला. `To` मध्ये तीन अक्षरं टाइप केली, आउटलुकने नाव सुचवलं, तिने टॅब दाबला, फाइल जोडली, पाठवली. मग नेहमीप्रमाणे `Reply All` करून पासवर्ड.

सुचवलेलं नाव त्याच पहिल्या नावाच्या दुसऱ्या माणसाचं होतं. प्रिंटरचे टोनर पुरवणारे एक गृहस्थ, जीमेलचा पत्ता. ऑफिसचा मुलगा रजेवर होता म्हणून त्याच दुपारी तिनेच त्यांना टोनरची ऑर्डर मेल केली होती. आउटलुकची ही यादी अक्षरक्रमाने लागत नाही. ज्याला अलीकडे आणि वारंवार मेल गेले त्याचं नाव ती वर आणते. सकाळपर्यंत तिथे एचआर मॅनेजर वर असायचे, दुपारी टोनरवाले वर आले. रोज जिथे पाय पडतो तिथली पायरी कुणीतरी हलवून ठेवावी, तसं.

‘बाहेरचा पत्ता’ असा इशारा स्क्रीनवर येत होता का, हे सरांनी नंतर विचारलं. येत होता. पण तो ग्राहकाच्या खऱ्या पत्त्यालाही येतो, कारण तोही बाहेरचाच. रोज पन्नास वेळा दिसणारा इशारा एकावन्नाव्या वेळी कुणी वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला कंपनीच्या एचआरचा फोन आला: “मॅडम, शीट नाही आली अजून, आज बँकेत टाकायचीय.” तिने सेंट मेल उघडला. पाच मिनिटांत ती माझ्या टेबलापाशी होती, हातात पेन तसंच धरलेलं, आणि एकच वाक्य बोलली, “चुकीकडे गेली, पासवर्डसकट.”

ती पाच मिनिटं मी मुद्दाम नोंदवते आहे. नंतरचे सगळे निर्णय त्या पाच मिनिटांकडे बघून घेतले गेले, निदान माझ्याकडून तरी.

## पहिले काही तास

माझ्याकडे येण्याआधी तिने आउटलुकमधलं `Recall This Message` दाबलं होतं. कुणीही दाबलं असतं. ते फक्त आपल्याच संस्थेतल्या मेलबॉक्ससाठी चालतं. बाहेरच्या जीमेलमधला मेल परत येत नाहीच, उलट त्या माणसाला ‘अमुक व्यक्ती हा मेल मागे घेऊ इच्छिते’ असा आणखी एक मेल जातो. न वाचलेल्या मेलकडे लक्ष वेधण्याची ही उत्तम सोय म्हणायची.

मी टोनरवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, पासवर्डबिसवर्ड लिहिलेलं बघितलं, मला वाटलं फ्रॉडचा मेल आहे. उघडलाच नाही.” आमचं नशीब. फोनवर राहूनच त्यांच्याकडून तिन्ही मेल डिलीट करून घेतले, मग ट्रॅशमधूनही, कारण जीमेलच्या ट्रॅशमध्ये डिलीट केलेला मेल ३० दिवस पडून असतो. फोनच्या डाउनलोड्समध्ये फाइल नाही हेही बघायला सांगितलं. ‘उघडलं नाही, कॉपी ठेवलेली नाही, डिलीट केलं’ असं त्यांच्याकडून लेखी मागितलं, त्यांनी दिलं. हे सगळं त्यांच्या शब्दावर. पडताळून पाहायचा मार्ग आमच्याकडे नव्हता आणि ग्राहकालाही आम्ही तसंच सांगितलं.

ग्राहकाला कधी सांगायचं, यावर दोन भागीदारांत वीसेक मिनिटं वाद झाला. धाकट्या सरांचं म्हणणं, आधी टोनरवाल्यांचं लेखी हातात येऊ द्या, म्हणजे प्रश्न आणि उत्तर एकत्रच सांगता येईल. मोठे सर म्हणाले, माहिती त्यांच्या कामगारांची आहे, आपण फक्त तिच्यावर काम करतो. पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आपण उशीर लावायचा नाही. साडेअकराला मोठ्या सरांनी स्वतः फोन केला. वकिलांनाही विचारलं, कारण सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा लीकसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. एका मेलची चूक त्यात बसते का, यावर वकील म्हणाले, शंका असेल तर कळवून मोकळे व्हा. दुपारी तीनच्या आत कळवलं.

## समोर असलेले पर्याय

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चौघं बसलो: दोन भागीदार, आयटी बघणारा मुलगा आणि मी. स्टाफला काय सांगायचं?

काहीच सांगू नये, जिची चूक तिच्याशी बोलावं आणि विषय संपवावा, हा एक विचार. तो लवकर बाद झाला, कारण पेरोलवरची उरलेली दोघं आणि ऑडिटवरची मुलंसुद्धा तसंच `Reply All` करत होती. चूक तिच्या हातून झाली, पण सवय सगळ्या ऑफिसची होती.

मोठ्या सरांना कडक मेमो हवा होता. “अहो, किती वेळा सांगायचं? यापुढे कुठलीही गोपनीय फाइल मेलने जाणार नाही, विषय संपला.” त्यांची चिडचिड समजण्यासारखी होती, ग्राहकाचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं होतं. पण मी विचारलं, मेलने नाही तर कशाने? सोमवारी आणखी तीन कंपन्यांच्या शीट जायच्या होत्या. दुसरी वाट न दाखवता ही वाट बंद केली असती तर फाइली व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि मुलांच्या स्वतःच्या जीमेलवरून गेल्या असत्या, आणि त्या आम्हाला दिसल्यासुद्धा नसत्या. मेलमध्ये निदान सेंट फोल्डर असतो, म्हणून तर चूक सापडली.

आयटीच्या मुलाने सुचवलं, नाव सुचवण्याची सोयच बंद करू. आउटलुकमध्ये `Empty Auto-Complete List` असं एक बटण आहे, एका दाबात यादी साफ. यावर मी बराच विचार केला आणि विरोध केला. पत्ते हाताने टाइप करायला लागले की एक अक्षर इकडचं तिकडे होतं, आणि तो पत्ता अस्तित्वात असेल तर मेल खऱ्याखुऱ्या अनोळखी माणसाकडे पोचतो. टोनरवाले निदान ओळखीचे होते. शेवटी ज्यांना आता मेल जात नाही अशी बाहेरची नावं प्रत्येकाने यादीतल्या फुलीवर क्लिक करून काढावीत, एवढंच ठरलं.

खरा तोडगा आयटीच्याच मुलाकडून आला, जरा उशिरा, चहा झाल्यावर. प्रत्येक ग्राहकासाठी शेअरपॉइंटवर एक फोल्डर करायचा. तो त्या कंपनीच्या दोन ठरलेल्या पत्त्यांनाच एकदा शेअर करायचा, `Specific people` निवडून, `Anyone with the link` नाही. पुढे दर महिन्याला फाइल त्या फोल्डरमध्ये टाकायची, बस्स. दर वेळी नवी लिंक पाठवली असती तर पत्ता दर वेळी निवडावा लागला असता, आणि लिंकही चुकीकडे जाऊ शकतेच. फरक एवढाच की `Manage access` मध्ये जाऊन ती बंद करता येते. कायमच्या फोल्डरमध्ये पत्ता निवडण्याचा क्षणच उरत नाही. गुरुवारची चूक त्याच एका क्षणात झाली होती.

मग प्रश्न आला वेळेचा. ११ फोल्डर करून ग्राहकांकडून उघडून बघायला सोमवार उजाडणार होता. सूचना आजच पाठवायची की फोल्डर तयार झाल्यावर? मोठ्या सरांना आजच हवी होती, ‘लोखंड तापलंय तोवर’. आम्ही मध्ये अडकलो ते बरंच झालं, कारण त्यातून दोन तुकडे सुचले. शुक्रवारी फक्त तीन ओळींचा मेल गेला: पासवर्ड मेलने पाठवायचा नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून सांगायचा, बाकी सोमवारी. पूर्ण सूचना सोमवारी, फोल्डरच्या लिंकसह.

## मसुदे

पहिला मसुदा मोठ्या सरांनी सांगितला, मी लिहून घेतला:

> ‘काही कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे गोपनीय माहिती बाहेर गेल्याचे निदर्शनास आले आहे. सर्वांना पुन्हा एकदा सूचित करण्यात येते की, अशा प्रकारे फाइल पाठवू नये. अन्यथा कडक कारवाई करण्यात येईल.’

सरकारी परिपत्रक वाचून वाचून आपल्या सगळ्यांच्या हाताला हे वळण पडलेलं असतं. मी तो रात्री घरी नेला आणि एकेका शब्दावर पेन्सिल ठेवून बघितला. ‘काही कर्मचारी’: ३४ माणसांच्या ऑफिसात ‘काही’ म्हणजे कोण ते चहावाल्यालाही माहीत असतं. नाव न घेता बोट दाखवणं हे नाव घेण्यापेक्षा वाईट, कारण जिच्याकडे बोट आहे तिला उत्तरही देता येत नाही. ‘निदर्शनास आले’: कुणीतरी पकडलं असा वास. खरं तर तिने स्वतः येऊन सांगितलं होतं, म्हणजे हे वाक्य चक्क खोटं होतं. ‘पुन्हा एकदा’: आधी सांगून तुम्ही ऐकलं नाहीत. पण आधी ‘योग्य ती काळजी’ यापलीकडे कुणी काही सांगितलंच नव्हतं. आणि ‘अशा प्रकारे’ म्हणजे कशा प्रकारे? कारवाईची धमकी स्पष्ट होती, मनाई मात्र अस्पष्ट. नेमकं उलट हवं होतं.

दुसरा मसुदा आयटीच्या मुलाचा. चौदा मुद्दे, सगळे बरोबर. फिशिंगपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळं त्यात होतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चौदा मुद्दे कुणी वाचत नाही. तो तसाच बाजूला ठेवला.

तिसरा लिहिताना माझा सगळा वेळ क्रियापदांत गेला. मराठीत मनाई तीन तऱ्हांनी करता येते. ‘पाठवू नये’ हे नियमावलीचं, भिंतीवर लावण्याचं. ‘पाठवू नका’ समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हटलेलं; त्यात ‘तुम्ही पाठवता’ हे गृहीत असतं. ‘पाठवायची नाही’ मात्र कामाच्या रीतीबद्दल बोलतं, माणसाबद्दल नाही, आणि तरी त्यात पळवाट नसते. आई म्हणते ना, ‘चपला घालून स्वयंपाकघरात यायचं नाही’, तसं. मी तेच धरलं. ‘कृपया’ नियमाच्या वाक्यांतून काढून टाकलं, कारण विनंती आहे म्हटलं की नाकारताही येते. घटनेबद्दल ‘आपल्याकडून’ लिहिलं, आणि या ‘आपण’मध्ये लिहिणाराही येतो.

घटनेचा उल्लेख करायचा की नाही यावरही थोडं अडलं. धाकटे सर म्हणाले, कशाला, नियम सांगा की झालं. पण न सांगितलं असतं तर कँटीनमध्ये त्याची वेगळीच गोष्ट झाली असती. मी दोन वाक्यांत, काय झालं एवढंच लिहिलं.

मग शनिवारी तो मसुदा आधी तिला दाखवला. याला सरांची परवानगी होती, पण ते फारसे खूश नव्हते. तिने दोनदा वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, ‘संध्याकाळच्या घाईत नाव निवडताना’. ती म्हणाली, “मॅडम, गुरुवारी संध्याकाळी पेरोलला मी एकटीच होते.” माझ्या दृष्टीने तो शब्द तिच्या बाजूचा होता, सहानुभूतीचा. तिच्या दृष्टीने तो पत्ता होता. काढला.

## पाठवलेली सूचना

विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाचे’ लिहिलं नाही. काय बदलणार तेच लिहिलं. सही मोठ्या सरांची.

> विषय: पगार, पॅन, बँक खाते असलेल्या फाइल आजपासून फोल्डरमध्ये; मेलला जोडायच्या नाहीत
>
> नमस्कार,
>
> गेल्या आठवड्यात आपल्याकडून एक सॅलरी शीट चुकीच्या पत्त्यावर गेली. नाव निवडताना दुसरं नाव निवडलं गेलं, आणि पासवर्डही त्याच पत्त्यावर गेला. हे लगेच सांगितलं गेलं, म्हणून त्याच दिवशी पुढची पावलं उचलता आली. आपली आजवरची पद्धतच अशी होती की हे कुणाच्याही हातून होऊ शकलं असतं. ती पद्धत आज बंद होते आहे.
>
> १. ज्या फाइलमध्ये पॅन, आधार, बँक खाते किंवा पगाराची रक्कम आहे ती मेलला जोडायची नाही. त्या ग्राहकाच्या फोल्डरमध्ये टाकायची. फोल्डरची यादी खाली दिली आहे.
>
> २. ग्राहकाने मेलनेच मागितली तर फाइलला पासवर्ड घालायचा आणि पासवर्ड फोनवर सांगायचा. मेलने, व्हॉट्सअ‍ॅपने नाही. कंपनीचं नाव आणि वर्ष असा पासवर्ड चालणार नाही.
>
> ३. चुकीकडे काही गेलं असं वाटलं, नुसती शंका आली तरी, लगेच सांगायचं. `Recall` दाबायच्या आधी सांगायचं. सांगितल्याबद्दल कुणालाही बोल लावला जाणार नाही. लपवलं तर मात्र ती गंभीर बाब धरली जाईल.
>
> हे तीन नियम भागीदारांसह सर्वांना लागू आहेत. फोल्डर उघडत नसेल किंवा एखादी फाइल यात बसते का अशी शंका असेल तर पाठवण्याआधी विचारा.

तिसऱ्या नियमातलं शेवटचं वाक्य मोठ्या सरांनी घातलं. आधी मला ते खटकलं, आता वाटतं की ते तिथे हवंच होतं. धमकी होती ती चुकीवरून उचलून लपवण्यावर ठेवली, आणि सूचनेचा सगळा कणा त्यात आला. ‘भागीदारांसह’ हा शब्द माझा. त्यावर धाकट्या सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण राहू दिला.

## परिणाम

पहिल्या दोन दिवसांत सूचनेबद्दल कुणीच काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ऑडिटचा एक आर्टिकल येऊन म्हणाला, “मॅडम, मी मागच्या महिन्यात एक बॅलन्स शीट चुकीच्या ग्रुपला टाकली होती, तेव्हा बोललो नाही.” पुढच्या तीन महिन्यांत अशा आणखी दोन गोष्टी समोर आल्या, दोन्ही नवीन, दोन्ही घडल्याच्या तासाभरात. आमच्याकडे चुका वाढल्या की दिसायला लागल्या, असं सरांनी विचारलं. दिसायला लागल्या, असंच माझं मत आहे. पण ते सिद्ध करता येणार नाही, कारण आधीच्या चुका मोजलेल्याच नव्हत्या.

११ पैकी ८ ग्राहक फोल्डरवर विनातक्रार आले. दोघांच्या एचआरना पत्त्यावर येणारा कोड टाकून फोल्डर उघडायचं जमायला आठवडा गेला. एका कारखान्याच्या मालकांनी साफ सांगितलं, “आमच्या साहेबांना लिंकबिंक उघडत नाही, मेलच करा.” तिथे दुसरा नियम लागला: पासवर्डची फाइल, पासवर्ड फोनवर. दर महिन्याला तो फोन करणं पेरोलच्या टेबलाला जिवावर येतं, पण करतात.

दुसऱ्या महिन्यात एक व्हॉट्सअ‍ॅप सापडला. सॅलरी शीटचा फोटो, स्क्रीनवरून मोबाइलने काढलेला. ग्राहकाच्या अकाउंटंटला ‘एकच एंट्री बघायची होती’. पाठवणाऱ्याने पहिला नियम शब्दशः पाळला होता, मेलला काही जोडलं नव्हतं. त्याच्याशी बोललो आणि नियमातला ‘मेलला जोडायची नाही’ हा भाग ‘फोल्डरशिवाय कुठूनही पाठवायची नाही, फोटोसुद्धा नाही’ असा बदलला.

ज्या कंपनीची शीट गेली तिने काम काढून घेतलं नाही. कामगारांना कळवायचं की नाही हा निर्णय त्यांचा होता. त्यांनी नोटीस बोर्डावर लावून खात्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि करारात एक कलम वाढवलं: असं काही झालं तर आम्ही चार तासांत कळवायचं. आमची सहकारी अजून त्याच टेबलावर आहे. नव्या मुलांना फोल्डर दाखवायचं काम तिने स्वतः मागून घेतलं.

## पुन्हा करायचं झालं तर

ग्राहकांना आधी सांगेन. स्टाफला सूचना सोमवारी सकाळी गेली आणि ग्राहकांना फोल्डरचं पत्र दुपारी. मधल्या चार तासांत पेरोलच्या टेबलाला सहा फोन आले, ‘शीट कुठाय?’ सूचना पाळणारी माणसं ग्राहकासमोर अडाणी दिसली, आणि हा आमचा दोष होता.

पाठवताना दोन मिनिटांचा उशीर लावण्याची सोय पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या यंत्रावर सुरू करायला हवी होती. आउटलुकच्या रूल्समध्ये `defer delivery by a number of minutes` असा पर्याय असतो. चुकीचं नाव बहुतेकदा पाठवल्या पाठवल्याच डोळ्यांत खुपतं, आणि तेव्हा मेल अजून आउटबॉक्समध्ये असला तर काढून घेता येतो. आम्ही हे दोन महिन्यांनी केलं, कारण आयटीच्या मुलाच्या चौदा मुद्द्यांत ते अकरावं होतं आणि मी तो मसुदा वाचायचा कंटाळा केला होता.

‘लगेच सांगायचं’ लिहिलं, पण कुणाला, ते लिहायचं राहिलं. माणसं माझ्याकडे आली, कारण मी तिथे बसलेली असायचे. मी रजेवर असताना एकाने अर्धा दिवस वाट बघितली. आता सूचनेत दोन फोन नंबर आहेत.

सहा महिन्यांनी सरांच्या सांगण्यावरून तीच सूचना जवळपास तशीच पुन्हा पाठवली. ती मी पाठवायला नको होती. घटना जुनी झाली होती, ‘गेल्या आठवड्यात’ बदलून ‘पूर्वी’ केल्यावर ते वाक्य लुळं पडलं, आणि कुणी वाचली असं वाटत नाही. त्याऐवजी आता दर महिन्याच्या एक तारखेला पेरोल आणि ऑडिटच्या टेबलांना दोन ओळींचा मेल जातो, त्या महिन्यात बदललेल्या फोल्डरबद्दल. त्यात गोपनीयतेचा शब्दही नसतो.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. सूचना गेल्याच्या आठवड्यात एका आर्टिकलने विचारलं होतं, “मॅडम, एकाच माणसाची पगारस्लिप, त्याची त्यालाच, त्याच्या स्वतःच्या मेलवर पाठवायची असेल तर?” नियम धरला तर नाही, कारण त्यात पॅन आहे, रक्कम आहे. पण २१२ जणांना २१२ फोल्डर कोण करणार? सध्या ती जाते, पीडीएफला पासवर्ड घालून, आणि पासवर्ड म्हणून जन्मतारीख. हा पासवर्ड त्याच्या घरातल्या सगळ्यांना माहीत असतो, हे त्या मुलानेच दाखवून दिलं.